टॅगची तुलना आणि त्यातून होणारी गळती: घड्याळ, करंट आणि कॉन्स्टंट-टाइम कोड

एक छोटं उपकरण डोळ्यांसमोर ठेवू. त्यात `STM32F103` हा मायक्रोकंट्रोलर आहे, म्हणजे बाजारात ‘ब्लू पिल’ या नावाने मिळणाऱ्या निळ्या बोर्डवरची चिप. सीरियल पोर्टवरून त्याला आज्ञा पाठवायची आणि आज्ञेमागे १६ बाइटचा टॅग जोडायचा. उपकरण स्वतःकडच्या गुप्त किल्लीने त्याच आज्ञेचा एचमॅक, म्हणजे किल्ली मिसळून काढलेला ठसा, काढतं, त्याचे पहिले १६ बाइट आलेल्या टॅगशी ताडून बघतं आणि जुळले तर रिले चालू करतं. किल्ली बाहेर कुठेच जात नाही. एचमॅकचं गणित पक्कं आहे, आणि १६ बाइट आंधळेपणाने जुळवायचे तर २^१२८ शक्यता आहेत.

तरीही हे उपकरण जास्तीत जास्त ४०९६ अंदाजांत उघडतं. दोष एचमॅकमध्ये नसून ताडून बघणाऱ्या चार ओळींमध्ये आहे. या लेखात त्या चार ओळींचीच गळती आधी वेळेत मोजू, मग बंद करू, आणि वेळेतली गळती थांबल्यावरही करंटमधून काय दिसत राहतं ते पाहू.

गळती नेमकी कुठे आहे

बहुतेकांच्या हातून पहिल्यांदा असाच कोड लिहिला जातो:

```c
int tag_eq(const uint8_t *a, const uint8_t *b) {
    for (int i = 0; i < 16; i++)
        if (a[i] != b[i]) return 0;
    return 1;
}
```

पहिलाच बाइट चुकला तर फंक्शन लगेच परततं. पहिले पाच बरोबर असतील तर लूप पाच फेऱ्या जास्त फिरतो. या प्रोसेसरवर अशा एका फेरीला साधारण १० ते १५ सायकल लागतात. १२ धरल्या तर ७२ मेगाहर्ट्झवर एका फेरीचे सुमारे १६७ नॅनोसेकंद होतात. हल्ला करणारा पहिल्या बाइटच्या २५६ किमती एकेक करून पाठवतो आणि ज्या किमतीला नकार यायला किंचित उशीर होतो ती ठेवून घेतो. मग दुसरा बाइट, मग तिसरा. २^१२८ ची जागा १६ गुणिले २५६ घेते, कारण प्रत्येक बाइटचा निकाल वेगळा कळू लागतो.

`memcmp` वापरल्याने सुटका होत नाही. काही लायब्ररींत ते आधी चार-चार बाइट एकदम ताडतं आणि फरक दिसला की त्या चारांत पुन्हा एकेक बाइट बघतं, पण फरक सापडताच थांबायचं हे कायम राहतं. एक्सबॉक्स ३६० च्या बूटलोडरमध्ये १६ बाइटचा एचमॅक असाच ताडला जात होता, आणि २००७ मध्ये लोकांनी वेळ मोजून बरोबर किंमत बाइटमागून बाइट काढली. वेळ मोजून किल्ली काढता येते हे पॉल कोचर यांनी १९९६ मध्येच दाखवून दिलं होतं.

आधी मोजा

दुरुस्तीआधी गळती आकड्यांत बघून घ्या. नाहीतर दुरुस्ती झाली की नाही हे कशाशी ताडणार? कॉर्टेक्स-एम३ मध्ये प्रत्येक सायकल मोजणारा काउंटर असतो. तो असा सुरू होतो:

```c
*(volatile uint32_t *)0xE000EDFC |= 1u << 24;
*(volatile uint32_t *)0xE0001004  = 0;
*(volatile uint32_t *)0xE0001000 |= 1;
```

त्यानंतर `0xE0001004` वाचलं की तोवरच्या सायकल मिळतात. मोजताना `__disable_irq()` ने इंटरप्ट बंद करा आणि फंक्शनला `noinline` लावा. दोन वाचनांमध्ये काहीच न ठेवता एकदा मोजून घ्या. तो मोजणीचा स्वतःचा खर्च, तो पुढे प्रत्येक आकड्यातून वजा करायचा.

आता खरा टॅग घ्या आणि त्याच्या १६ प्रती करा. पहिल्या प्रतीत पहिलाच बाइट चुकीचा, दुसऱ्या प्रतीत दुसरा, असं शेवटपर्यंत. मोजण्याआधी प्रत्येक प्रत एकाच बफरमध्ये उतरवा आणि तोच बफर फंक्शनला द्या. १६ वेगवेगळे अ‍ॅरे थेट दिले तर त्यांचे पत्ते वेगळे, त्यामुळे अलाइनमेंटही वेगळी, आणि मग दिसलेला फरक टॅगचा की पत्त्याचा हे सांगता येत नाही. आलेख काढलात तर जवळपास सरळ चढती रेघ दिसेल. एका पायरीची उंची म्हणजे लूपच्या एका फेरीच्या सायकल.

हल्ला करणाऱ्याला हा आतला काउंटर मिळत नाही, त्याला बाहेरून मोजावं लागतं. लॅपटॉपच्या घड्याळाने ते जमत नाही, कारण यूएसबी-सीरियल अडॅप्टर डेटा साठवून मग पुढे ढकलतो आणि त्यातली दिरंगाई मिलिसेकंदांत असते. पण २४ मेगाहर्ट्झचा स्वस्तातला लॉजिक अ‍ॅनलायझर दर ४१.७ नॅनोसेकंदांनी नमुना घेतो. टॅगचा शेवटचा बिट संपल्यापासून ‘नकार’ दाखवणाऱ्या एलईडीची पिन बदलेपर्यंतचा वेळ त्याने मोजला तर १६७ नॅनोसेकंद म्हणजे चार नमुने. प्रत्येक किमतीसाठी काही डझन मोजण्यांची सरासरी काढली की इंटरप्टची आणि पोलिंगची थरथर मागे पडते. तेव्हा ‘इतका बारीक फरक कोण मोजणार’ या भरवशावर कोड तसाच ठेवू नये.

वेळ सारखी करणे

कॉन्स्टंट-टाइम कोडचा अर्थ ‘नेहमी अमुक इतके मायक्रोसेकंद’ असा नाही. गुप्त किमतीवरून कुठली ब्रँच घ्यायची, कुठला पत्ता वाचायचा किंवा कमी-जास्त सायकल खाणारी सूचना किती चालायची, यांतलं काहीच ठरता कामा नये, एवढाच अर्थ. आपल्या तुलनेसाठी ते असं लिहितात:

```c
__attribute__((noinline))
int tag_eq_ct(const uint8_t *a, const uint8_t *b) {
    uint32_t d = 0;
    for (int i = 0; i < 16; i++) {
        d |= (uint32_t)(a[i] ^ b[i]);
        __asm__ volatile("" : "+r"(d));
    }
    return (int)((d - 1) >> 31);
}
```

सगळे १६ बाइट नेहमीच पाहिले जातात. कुठेही फरक सापडला की `d` मध्ये एखादा बिट उभा राहतो आणि तो पुन्हा पुसला जात नाही. शेवटच्या ओळीत `if` टाळला आहे: `d` शून्य असेल तर एक वजा केल्यावर सर्वांत वरचा बिट १ होतो, आणि `d` १ ते २५५ मधलं काहीही असेल तर तो ० राहतो. निकालावरून पुढे फांदी फुटली तरी चालेल, कारण रिले वाजला की निकाल तसाही सगळ्यांना कळतो.

मधली रिकामी दिसणारी `__asm__` ओळ निरुपयोगी समजून काढू नका. ती कंपायलरला सांगते की इथे `d` ची किंमत बदललेली असू शकते, त्यामुळे पुढचं काम वाचवण्याचा हिशेब त्याला मांडता येत नाही. सी भाषेचं मानक वेळेबद्दल कुठलंच वचन देत नाही. उत्तर तेच येत असेल तर लूप मधेच सोडायला कंपायलर मोकळा आहे. २०२४ मध्ये कायबर या क्वांटमोत्तर अल्गोरिदमच्या संदर्भ-कोडच्या बाबतीत हेच उघड झालं. मूळ कोड ब्रँच टाळून मास्कने लिहिला होता, आणि क्लँगने एक्स८६ साठी काही ऑप्टिमायझेशन पर्यायांत त्याची गुप्त बिटावर चालणारी ब्रँच करून टाकली.

त्यामुळे सी कोड वाचून समाधान मानू नये. तयार झालेल्या सूचना वाचायच्या:

```sh
arm-none-eabi-gcc -mcpu=cortex-m3 -mthumb -Os -c tag.c
arm-none-eabi-objdump -d tag.o
```

`tag_eq_ct` खाली अट असलेली उडी एकच दिसायला हवी, लूपच्या मोजणीची. `bne`, `beq`, `cbz` किंवा `cbnz` यांपैकी दुसरं काही दिसलं तर ते कुठल्या रजिस्टरवरून ठरतंय ते शोधा. एरवीच्या क्रिप्टो कोडमध्ये या प्रोसेसरवर आणखी दोन सूचना शोधाव्यात. `udiv` ला किमतींनुसार २ ते १२ सायकल लागतात आणि `umull` ला ३ ते ५. गुप्त संख्येचा भागाकार किंवा असा गुणाकार असेल तर एकही `if` नसताना वेळ गळते. कंपायलरची आवृत्ती किंवा `-Os` चं `-O2` केलं की ही तपासणी नव्याने करायची.

मग तीच १६ प्रतींची मोजणी पुन्हा करा. लॅपटॉपवर अशा वेळी दोन गटांच्या लाखो मोजण्या घेऊन वेल्चची टी-चाचणी लावतात आणि `|t|` ४.५ च्या वर गेला की गळतीचा संशय धरतात. `dudect` हे छोटं साधन याच पद्धतीवर बेतलेलं आहे. या चिपवर मात्र इंटरप्ट बंद आहेत आणि डेटा कॅशही नाही, म्हणून संख्याशास्त्राची गरज पडत नाही. सर्व १६ प्रती आणि पूर्ण बरोबर टॅग, सगळ्यांचा आकडा सायकलपर्यंत तोच यायला हवा. एका सायकलचाही फरक दिसला तर तो गोंगाट समजून सोडू नका, त्यामागे काहीतरी कारण असतंच.

आता करंट

इथवर घड्याळ गप्प झालं. पण सीमॉस सर्किटमध्ये तारेची पातळी शून्यावरून एकवर किंवा उलट जाते तेव्हा करंट खेचला जातो. आठ तारांपैकी किती बदलल्या यावर त्या क्षणीचा करंट ठरतो. आपला नवा कोड दर फेरीत `a[i] ^ b[i]` काढतो. त्यातले `b` चे बाइट हल्ला करणाऱ्याने स्वतः पाठवलेले आहेत, आणि आज्ञा तीच राहिली तर `a` म्हणजे बरोबर टॅग प्रत्येक वेळी तोच असतो. करंटवरून आतली किंमत काढणाऱ्याला याहून सोयीची मांडणी मिळणार नाही. कोचर, जॅफ आणि जुन यांनी १९९९ मध्ये मांडलेलं पॉवर अ‍ॅनालिसिस इथे सरळ लागू पडतं.

स्वतःच्या बोर्डवर हे बघायचं तर बोर्डाला ३.३ व्होल्ट बाहेरून द्या आणि त्या वाटेत १० ओहमचा रेझिस्टर घाला. चिपजवळचे डिकपलिंग कपॅसिटर उतरवावे लागतात. ते जागेवर असतील तर चिप आपला क्षणिक करंट त्यांच्याकडूनच घेते आणि रेझिस्टरवर काहीच दिसत नाही. ‘सिग्नलच येत नाही’ अशी अडचण आली की पहिला संशय इथे घ्यावा. चिप ७२ ऐवजी ८ मेगाहर्ट्झवर चालवा. करंट कमी झाल्याने रेझिस्टरवर व्होल्टेज फार पडत नाही आणि प्रत्येक सायकल ऑसिलोस्कोपवर सुटी दिसते. घड्याळ मात्र क्रिस्टलचं घ्या. आतलं आरसी घड्याळ थोडं सरकत राहतं, त्यामुळे लांब ट्रेसच्या, म्हणजे एका तुलनेदरम्यान नोंदलेल्या करंटच्या रेघेच्या, शेवटाकडे नमुने एकमेकांवर बसत नाहीत आणि शेवटच्या बाइटचं शिखर पसरट होतं. तुलना सुरू होण्याआधी एक पिन वर करा आणि तिच्यावर ट्रिगर लावा. स्कोप एसी कपलिंगवर ठेवून सेकंदाला १० कोटी नमुने घेतले तरी पुरे.

आज्ञा तीच ठेवून दर वेळी १६ यादृच्छिक बाइटचा टॅग पाठवा. २००० ट्रेसपासून सुरुवात करा. मग बाइट `i` साठी:

```python
hw = np.array([bin(x).count("1") for x in range(256)])
T = traces - traces.mean(0)
for g in range(256):
    h = hw[sent[:, i] ^ g].astype(float)
    h -= h.mean()
    r = (h @ T) / np.sqrt((h @ h) * (T * T).sum(0))
```

`g` हा बरोबर बाइटचा अंदाज. प्रत्येक अंदाजासाठी ‘किती बिट १ असतील’ याचं भाकीत करायचं आणि ट्रेसमधल्या प्रत्येक क्षणाशी त्याचा सहसंबंध काढायचा. २००० ट्रेसना गोंगाटाची वरची मर्यादा साधारण ४ भागिले २००० चं वर्गमूळ, म्हणजे ०.०९ इतकी येते. तिच्या खालच्या शिखरांवर विश्वास ठेवू नका.

निकाल वाचताना नवखा माणूस तीन ठिकाणी अडखळतो, आणि तिन्हींची कारणं याच एक्सॉरमध्ये आहेत.

समजा खरा बाइट `0x5A` आहे आणि त्याला ०.४० चं शिखर आलं. `0x5B`, `0x58`, `0x52` अशा एका बिटाने वेगळ्या आठ अंदाजांनाही त्याच क्षणी ०.३० ची शिखरं दिसतील. दोन अंदाजांत n बिटांचा फरक असला तर दुसऱ्याचं शिखर पहिल्याच्या `1 - n/4` पट येतं. एईएसच्या एस-बॉक्सवरच्या हल्ल्यात चुकीचे अंदाज सपाट पडतात, इथे ते पायऱ्यांनी उतरतात. म्हणून फक्त सर्वांत उंच शिखर बघून न थांबता ही उतरंड जुळते का ते पाहा.

दुसरं, आठही बिट उलटे असलेल्या `0xA5` ला नेमकं −०.४० मिळेल. दोघांपैकी खरा कोण हे एका बाइटवरून कळत नाही, कारण करंट वाढल्यावर स्कोपवरची रेघ वर जाते की खाली हे जोडणीवर ठरतं. पण एकाच जोडणीत ती दिशा सगळ्या बाइटना सारखीच लागू होते. त्यामुळे शेवटी १६ बाइटचे दोनच पूर्ण टॅग हातात उरतात, आणि दोन्ही पाठवून बघता येतात.

तिसरं, प्रत्येक बाइटला `0x00` या अंदाजाचं ठळक शिखर येईल. ते टॅगचं नाही. `b[i]` मेमरीतून वाचला जातो त्या क्षणी बसवर तोच बाइट असतो, आणि शून्याशी एक्सॉर केलेला `b[i]` म्हणजे `b[i]` च. खरं शिखर त्याच्या किंचित नंतर, नाहीतर कधी त्याच क्षणाला चिकटून दिसतं. बसवर आधी `a[i]` असेल आणि पाठोपाठ `b[i]` आला तर बदललेल्या तारांची संख्या `a[i] ^ b[i]` मधल्या एकांइतकीच होते. एक्सॉरची सूचना चालण्याआधीच तिचा निकाल करंटमध्ये उमटतो.

मास्क लावताना होणारी चूक

हे थांबवायला बरेचदा यादृच्छिक बाइट `m` घेऊन दोन्ही बाजू झाकतात, `a[i] ^ m` आणि `b[i] ^ m`. मग तुलना करताना या दोघांचा एक्सॉर घेतला की `m` कटतो आणि पुन्हा `a[i] ^ b[i]` उघडा पडतो. दोन्ही बाजूंना एकच मास्क लावून एक्सॉर करण्यात काहीच हाती लागत नाही.

बाइटचा क्रम दर वेळी पिसणं थोडं उपयोगी आहे. १६ जागांपैकी कुठल्या फेरीत कुठला बाइट येतो हे कळेनासं झालं की एका क्षणावरचा सहसंबंध १६ पटीने घटतो आणि ट्रेस साधारण २५६ पट लागतात. पण सगळ्या १६ फेऱ्यांचे नमुने आधी बेरीज करून घेतले तर ही वाढ २५६ वरून साधारण १६ पटीवर येते. म्हणजे पिसल्याने हल्ला महाग होतो, बंद होत नाही.

तुलनेपुरता पक्का उपाय वेगळा आहे: दर वेळी नवी यादृच्छिक किल्ली घेऊन `a` आणि `b` या दोघांचा पुन्हा एचमॅक काढायचा आणि ते दोन निकाल ताडायचे. `a` आणि `b` थेट एकमेकांसमोर येतच नाहीत, आणि ताडल्या जाणाऱ्या किमती हल्ला करणाऱ्याला ठाऊक नसतात. याला दहा हजारांवर सायकलचा खर्च येतो, तो परवडतो. अडचण एवढीच की `STM32F103` मध्ये यादृच्छिक संख्या देणारं हार्डवेअर नाही. बूटच्या वेळी एडीसीच्या गोंगाटावर विसंबून किल्ली बनवली तर ती कितपत यादृच्छिक आहे याचा हवाला देता येत नाही.

टॅगच बदलत ठेवणे

या चिपवर मला सर्वांत योग्य वाटतो तो उपाय तुलनेच्या बाहेर, प्रोटोकॉलमध्ये आहे. वरचे दोन्ही हल्ले एकाच गोष्टीवर उभे आहेत: आज्ञा तीच राहिली की बरोबर टॅगही तोच राहतो. उपकरणाने स्वतःचा काउंटर एचमॅकमध्ये घेतला आणि तो प्रत्येक प्रयत्नाला वाढवला तर प्रत्येक टॅगविरुद्ध एकच प्रयत्न आणि एकच ट्रेस मिळते. बाइटमागून बाइट काढत जायला हल्ला करणाऱ्याच्या हातात दुसरी संधी उरत नाही. काउंटर गुप्त असण्याची गरज नाही, तो परत येऊ नये एवढंच पाहायचं. पाठवणारा आधी उपकरणाला काउंटर विचारतो आणि तो मिसळून टॅग काढतो.

यात क्रम चुकला की सगळं फसतं. काउंटर तुलनेच्या आधी फ्लॅशमध्ये लिहायचा. तुलना नापास झाल्यावर लिहिलात तर हल्ला करणारा ट्रेस घेऊन लिहिण्याआधीच वीज तोडतो, आणि जुना काउंटर त्याला हवा तितक्या वेळा वापरता येतो.

प्रत्येक प्रयत्नाला पान पुसणंही परवडत नाही, कारण या फ्लॅशच्या पानाला १०,००० वेळा पुसण्याचीच हमी आहे. पुसलेल्या पानात सगळे अर्धशब्द `0xFFFF` असतात. दर प्रयत्नाला पुढचा एक अर्धशब्द `0x0000` करा, याला साधारण ५० मायक्रोसेकंद लागतात. १ किलोबाइटच्या पानात असे ५१२ प्रयत्न मावतात, म्हणजे १०,००० पुसण्यांत ५१ लाखांवर. पान भरलं की वरचा आकडा दुसऱ्या पानात लिहून, तो वाचून खात्री करून मगच पहिलं पुसा. एकाच पानावर काम चालवलंत तर पुसल्यावर आणि नवा आकडा लिहिण्याआधी वीज गेली की काउंटर शून्यावर येतो आणि जुने टॅग पुन्हा चालू लागतात. बोर्डावर हे तपासण्यासाठी पुसण्याच्या सूचनेनंतर वेगवेगळ्या अंतराने रिसेट पिन खाली ओढा आणि प्रत्येक वेळी काउंटर मागे गेला नाही ना ते पाहा.

`tag_eq_ct` तरीही ठेवायचंच, काउंटरमध्ये कधी चूक निघाली तर निदान घड्याळातून काही फुटू नये. आणि एक वाट अजून उघडी आहे. एचमॅक काढताना किल्लीपासून बनलेली आतली अवस्था दर वेळी तीच असते आणि तिच्यात मिसळणारी आज्ञा व काउंटर बाहेरच्याला माहीत असतात. ५१ लाख प्रयत्नांची मुभा असेल तर तेवढ्याच ट्रेसचीही आहे. त्यासाठी सलग १० नापास प्रयत्नांनंतर उपकरणाने वाढत जाणारी विश्रांती घ्यावी आणि प्रत्येक उपकरणाला वेगळी किल्ली द्यावी, म्हणजे एकाची फुटली तरी बाकीची उघडत नाहीत. ज्याच्या हाती बोर्ड आणि महिनाभर वेळ आहे अशा माणसापासून एकच सामायिक किल्ली वाचवायची असेल तर मास्क केलेलं शा-२५६ किंवा वेगळी सिक्युअर एलिमेंट चिप लागते. फर्मवेअर अपडेट एवढंच काम असेल तर एचमॅकऐवजी डिजिटल सही वापरा. ती तपासायला लागणारी किल्ली सार्वजनिक असते, त्यामुळे करंटमधून चोरण्यासारखं उपकरणात काहीच नसतं.